रजा मिळण्याबाबत अर्ज

प्रति,
मा. सरपंच ताई,
ग्रामपंचायत कार्यालय,
तालुका घाटंजी, जिल्हा यवतमाळ

अर्जदार: गावच्या नळयोजनेवरील पाणीपुरवठा कर्मचारी

विषय: रजा मिळण्याबाबत.

महोदया,

सविनय अर्ज करतो की मला रजा पाहिजे आहे. ती द्यावी, ही नम्र विनंती.

अर्जात तारखा लिहिल्या नाहीत आणि कारणही लिहिलं नाही. दोन्ही मुद्दामच. किती दिवस लागतील ते आज मला सांगता येत नाही. अंदाजाने तारीख टाकली आणि त्या दिवशी पोचलो नाही, तर बाया घागरी घेऊन नळापाशी उभ्या राहतील आणि बोल तुम्हाला लागेल. परत यायच्या आदल्या दिवशी मी तुम्हाला फोन करीन. कारण मात्र माझ्यापाशीच राहू द्या, ताई. गावात कोणी विचारलं तर "रजेवर आहे" एवढंच सांगावं.

आता पाण्याचं. मी नसताना माझ्या चुलतभावाचा मोठा मुलगा काम पाहील. वेल्डिंगच्या दुकानात असतो तोच. मागच्या उन्हाळ्यापासून तो माझ्यासोबत टाकीवर येतो, चारही व्हॉल्व्ह त्याला माहीत आहेत. पोरगा हुशार आहे, पण घाईचा आहे, म्हणून जिथे घाई चालत नाही ते इथे लिहून देतो. अर्जाची एक प्रत पंपघरात लावून ठेवतो.

विहिरीवरच्या मोटारीचं पहिलं. डीपीवर काम झालं, फ्यूज बदलला किंवा लाईनमनने तारा जोडल्या, की मोटार चालू करून लगेच घरी जायचं नाही. टाकीवर चढून पाणी किती जोरात पडतं ते पाहायचं. तारांची अदलाबदल झाली तर मोटार उलटी फिरते. आवाज येतो, पाणीही थोडं येतं, आणि माणसाला वाटतं विहीर आटली. अशा वेळी विहिरीला दोष देऊ नये, इलेक्ट्रिशियनला बोलवावं. तीनपैकी दोन तारा आपसात बदलल्या की मोटार सरळ फिरते. स्टार्टर पुन्हापुन्हा ट्रिप होत असेल तर बटण दाबत बसू नये आणि त्यात काडी तर मुळीच अडकवू नये. एखादा फेज गेलेला असतो, तशीच चालवली तर वाइंडिंग जळते. मग मोटार बाहेर काढून भरून आणेपर्यंत गाव कोरडं राहतं.

व्हॉल्व्हचा क्रम बदलू नये. आधी तांडा, मग वरचा पुरा, मग शाळेची गल्ली, शेवटी खालची वस्ती. खालच्या वस्तीचा व्हॉल्व्ह आधी उघडला तर उतारामुळे सगळं पाणी तिकडेच ओढलं जातं आणि तांड्यावर नळाला नुसती हवा येते. यावरून भांडणं झालेली आहेत. तांड्यावरच्या बायांनी खूप वर्षं डोक्यावर पाणी वाहिलं. जलजीवनचे नळ लागले, माणशी ५५ लिटरचं ठरलं, पण ते पाणी पोचतं फक्त व्हॉल्व्ह या क्रमाने उघडला तर. तेव्हा कोणी कितीही जवळचा माणूस येऊन म्हणाला, "आमचा आधी सोड", तरी सोडू नये. तुम्ही एकदा त्या पोराला सगळ्यांसमोर हे सांगून ठेवलं तर बरं होईल. माझं ऐकतात, त्याचं वय लहान आहे.

टीसीएल पावडर. ही गोष्ट मला सगळ्यात जवळची आहे, म्हणून जरा लांबवतो. १,००० लिटरला ५ ग्रॅम हा हिशोब, म्हणजे आपली ५०,००० लिटरची टाकी पूर्ण भरली तर २५० ग्रॅम. टाकी अर्धी असेल तर पावडरही अर्धी. पावडर सरळ टाकीत ओतायची नाही. प्लास्टिकच्या बादलीत आधी थोड्या पाण्यात कालवायची, गुठळ्या फोडायच्या, मग बादली भरून ठेवून द्यायची. चुना खाली बसला की वरचं निवळ तेवढं टाकीत सोडायचं, गाळ टाकून द्यायचा. त्यानंतर अर्धा तास तरी व्हॉल्व्ह उघडायचा नाही. लोक ओरडतील, तरी नाही. औषधाला तेवढा वेळ लागतो. पावडरच्या पिशवीचं तोंड घट्ट बांधून कोरड्या खोलीत ठेवायचं. हवा आणि ओल लागली की तिचा जोर जातो आणि वजन बरोबर असूनही पाणी शुद्ध होत नाही.

ओटी टेस्ट रोज घ्यावी, आणि टाकीजवळच्या नळाची नाही. तांड्यावरच्या शेवटच्या नळाचं पाणी नळीत घ्यावं, थेंब टाकावा, पिवळसर रंग आला पाहिजे. रंग आला नाही तर पाण्यात क्लोरीन उरलेलं नाही, असं समजून त्याच दिवशी आशाताईंना कळवावं आणि लाईन तपासावी. बहुतेक वेळा कुठे तरी पाईप फुटलेला असतो. आता नाल्याजवळच्या जोडावर ओल दिसते आहे. पाणी बंद असताना त्याच फटीतून नालीचं पाणी आत ओढलं जातं, म्हणून तो जोड मी जायच्या आधी स्वतः बदलून देतो. ते काम अर्धवट ठेवून निघणार नाही.

शाळेमागच्या लाल रंगाच्या हातपंपाची आठवण सर्वांना करून द्यावी. नळाला एखादा दिवस पाणी आलं नाही की मुलं तिथेच तोंड लावतात. त्या पाण्यात फ्लोराईड आहे. ते उकळून जात नाही, टीसीएलनेही जात नाही. तिथलं पाणी ढोरांना धुवायला, बांधकामाला घ्यावं, प्यायला नाही. नळयोजना बंद पडली तर टँकर मागवावा, पण पोरांना त्या पंपावर पाठवू नये. आमच्या वयाच्या कित्येकांचे दात पिवळे-तपकिरी झाले, काहींना उठबस करताना गुडघे धरावे लागतात. पुढच्या पिढीवर ते यायला नको, एवढं मला मनापासून वाटतं.

माझ्या रजेच्या दिवसांचा माझा पगार त्या पोराला द्यावा. तो मागणार नाही, म्हणून मी मागतो. पहाटे अंधारात टाकीवर चढणं फुकटचं काम नाही. टॉर्च आणि गमबूट मी त्याला देऊन ठेवतो. पावसाळी हवा असली तर टाकीच्या शिडीवर त्याने एकट्याने चढू नये, खाली कोणीतरी उभं असावं.

किल्ल्या तीन आहेत: पंपघर, टाकीचं फाटक, पावडरची खोली. एक जुडगा त्याच्याजवळ देतो, दुसरा तुमच्या घरी आणून देतो. पाणी सोडल्याची वही पंपघरातल्या खिळ्याला अडकवलेली आहे, त्यात किती पावडर घातली आणि ओटीचा रंग काय आला ते रोज लिहायचं, हे त्याला सांगितलं आहे. वही तुम्ही अधूनमधून पाहावी.

माझा मोबाईल चालू राहील. मोटारीचं किंवा पाण्याचं काही अडलं तर कोणत्याही वेळी फोन करावा, मी उचलीन. बाकी कशासाठी फोन करू नये, अशी हात जोडून विनंती.

तरी मला रजा द्यावी.

आपला विश्वासू,
(सही)
पाणीपुरवठा कर्मचारी