दहावी ‘ब’, बीजगणित : 18 ते 22 ऑगस्टच्या तासिकांसाठी

सर, नमस्कार.

आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आठवडाभर अमरावतीला जातेय. वर्ग तुमच्याकडे आहे म्हणून निश्चिंत आहे, तरी चार गोष्टी लिहून ठेवते. भूमितीच्या तासिका वेगळ्या मॅडम घेतात, त्याकडे तुम्हाला पाहायचं नाही. तुमची रोजची दुसरी तासिका.

वर्गसमीकरणांचा धडा चालू आहे. अवयव पद्धती शिकवून झाली, सरावसंच अर्धा उरलाय. सोमवारी तो संपवा, पण त्याआधी फळ्यावर फक्त x² = 5x लिहा आणि वर्गाला सोडवू द्या. निम्मी पोरं दोन्ही बाजूंना x ने भागून x = 5 लिहून मोकळी होतील. मागच्या आठवड्यात कुणालच्या वहीत हेच दिसलं. विचारलं तर म्हणाला, ‘मॅडम, x तर दोन्हीकडे हाय ना, मंग काटला.’ मी त्याला x च्या जागी 0 ठेवून पाहायला लावलं. बराच वेळ वहीकडे बघत बसला आणि मग म्हणाला, ‘मंग हे मूळ गेलं कुठं?’ हा प्रश्न अजून सगळ्या वर्गाला पडलेला नाही. तो पडला पाहिजे, उत्तर आपण सांगण्याची घाई नको.

मंगळवार-बुधवार पूर्ण वर्ग पद्धती. इथे वेळ गेला तरी चालेल. x² + 8x − 48 = 0 घ्या. x बाजूचा चौरस काढा, त्याच्या उजवीकडे आणि खाली 4 रुंदीच्या दोन पट्ट्या जोडा. कोपऱ्यात 4 × 4 ची जागा रिकामी राहते. ती भरायला 16 हवेत, म्हणून दोन्ही बाजूंना 16 मिळवायचे. ‘x च्या सहगुणकाच्या निमपटीचा वर्ग’ हे वाक्य पोरं घोकून म्हणतात, पण तो रिकामा कोपरा पाहिल्याशिवाय निमपट कशाला हे कळत नाही. पुढे (x + 4)² = 64 आलं की वजा 8 विसरणारे निघतीलच. −12 हे उत्तर वर्गातून येईपर्यंत थांबा.

खरी अडचण गुरुवारची. पहिल्या दोन बाकांवरच्या ट्यूशनवाल्यांना सूत्र जुलैपासूनच पाठ आहे. ‘सर, फॉर्म्युल्यानं एका मिनिटात होते’ असं सोमवारपासूनच सुरू होईल. गुरुवारच्या आधी सूत्र फळ्यावर येऊ देऊ नका, ही माझी एकच विनंती. गुरुवारी 2x² + 5x − 3 = 0 घेऊन श्रीधराचार्यांची युक्ती दाखवा : आधीच 4a ने, म्हणजे इथे 8 ने गुणायचं, अपूर्णांकांची कटकट राहत नाही.

16x² + 40x = 24
16x² + 40x + 25 = 49
(4x + 5)² = 49

मग x = 1/2 किंवा x = −3. आता विचारा, हा 49 आला कुठून? 25 + 24, म्हणजे b² − 4ac. हीच रीत अक्षरं ठेवून केली की सूत्र आपोआप हाती येतं, आणि विवेचकाचं अर्धं काम तिथेच होतं. सूत्र वापरताना छेदातली रेघ फक्त वर्गमुळाखाली ओढून −b बाहेर सोडण्याची सवय बऱ्याच जणांना आहे. सानिकासारख्या हुशार मुलीलाही. वह्या फिरून बघाल तेव्हा ती रेघ बघा.

शाब्दिक उदाहरणांना हात लावू नका, ती मी आल्यावर घेईन.

शुक्रवारी पोळा आहे, वर्ग अर्धाच भरेल. नवीन काही नको. 10 गुणांची चाचणी माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात पिवळ्या फाइलमध्ये आहे, 30 प्रती. किल्ली शिपाईकाकांकडे. पेपर तपासू नका, तसेच ठेवा, चुका मला माझ्या डोळ्यांनी बघायच्या आहेत. शनिवारी मारबतीची सुट्टी, त्यामुळे शुक्रवारी शेवटची दहा मिनिटं बडग्यांच्या गप्पांतच जाणार. जाऊ द्या.

फळ्याच्या डाव्या भागावर खिडकीचा उजेड पडतो, मागच्यांना दिसत नाही. उजवीकडून लिहायला सुरुवात करा. शेवटच्या बाकावरचा आदित्य हात वर करत नाही, पण त्याची वही उघडून बघा, त्याने बहुतेक वेळा बरोबर सोडवलेलं असतं. फळ्यावर मात्र बोलावू नका, घाबरतो.

काही अडलं तर संध्याकाळी सहानंतर फोन करा. दवाखान्यात दिवसा उचलता येईलच असं नाही.

वैशाली