दुपारी दोनचं काउन्सेलिंग: वैशाली-संतोष, २५ आठवडे, अनेनसेफली

(नवीन रेसिडेंटसाठी. पाठ करून म्हणायचं नाहीये, पण ठळक वाक्यं अशीच ठेव, ऐनवेळी शब्द शोधायला गेलं की आपण गोलगोल बोलतो.)

आधी तयारी. ओपीडीत नको, सोशल वर्करची खोली मोकळी करून घे, तिथे वॉर्डातल्या बाळांच्या रडण्याचा आवाज येत नाही. फोन सायलेंट. सासूबाई पण आल्यात, त्यांना आत घ्यायचं का ते वैशालीला विचार, संतोषला नाही. गावाकडच्या सोनोग्राफीवाल्यांनी "थोडा प्रॉब्लेम वाटतोय, पुण्याला दाखवा" एवढंच सांगितलंय, तेव्हा बातमी पहिल्यांदा आपणच देतोय असं धरून चाल.

"वैशाली, संतोष, बसा. काल जी सोनोग्राफी झाली तिच्याबद्दल बोलायचंय. आधी मला सांगा, तुम्हाला आत्तापर्यंत काय सांगितलंय?"

(पूर्ण ऐकून घे, मधे दुरुस्त करू नकोस.)

"बातमी चांगली नाहीये. बाळाच्या डोक्याची वरची कवटी आणि मोठा मेंदू तयारच झालेला नाही. याला अनेनसेफली म्हणतात. हे बाळ जगू शकणार नाही. काही बाळं पोटातच जातात, जी जन्माला येतात ती बहुतेक वेळा काही तास, फार तर काही दिवस राहतात. ऑपरेशन, औषध, मुंबईचं नाहीतर परदेशातलं हॉस्पिटल, कुठेच यावर उपाय नाही. दोन डॉक्टरांनी वेगवेगळं बघितलंय, शंका नाही."

(इथे गप्प बस. लगेच कायदा आणि फॉर्म काढू नकोस. "जगण्याची शक्यता कमी आहे" असं तर अजिबात म्हणू नकोस, "कमी" ऐकलं की माणूस त्या "थोड्या"साठी घर गहाण ठेवतो, हे मी इथे बघितलंय. ती रडली तर रडू दे, तिनेच पुढे विचारेपर्यंत थांब.)

ती बहुतेक म्हणेल, पण मॅडम बाळ तर हलतंय.

"हो, हलतंय, ते तुम्हाला खरंच जाणवतंय. मेंदूचा खालचा भाग आणि मणक्यातली नस आहे, तेवढ्यावर हालचाल होते, ठोकेही चालतात. पण दुखणं कळायला जो वरचा भाग लागतो तोच नाहीये, म्हणून आम्हाला जे माहिती आहे त्यावरून बाळाला आत्ता त्रास होत नाहीये."

माझ्यामुळे झालं का, हा प्रश्न ती विचारणार नाही, आपणच काढायचा, कारण सासूबाईंच्या डोक्यात ग्रहण असणार, ग्रहणात विळी हातात घेतलीस वगैरे. त्यांच्यासमोरच बोल:

"आई, तुम्हीपण ऐका. मेंदू आणि मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून पहिल्या २८ दिवसांत बंद होते, दिवस गेलेत हे धड कळायच्या आत. तिथे ती बंद झाली नाही. ग्रहण, पपई, गाडीवरचे धक्के, शेतातलं काम, यातलं काही कारण नाही. वैशालीकडून काही चुकलेलं नाही, संतोषकडूनही नाही."

आता पर्याय. दोन्ही एकाच सुरात सांगायचे, एक लांबवून आणि दुसरा उरकून नाही.

"पुढे दोन रस्ते आहेत, दोन्ही बरोबर आहेत. पहिला, प्रेग्नन्सी आत्ता थांबवायची. २०२१ च्या दुरुस्तीनंतर बाळात असा मोठा दोष असेल तर २४ आठवड्यांनंतरही मेडिकल बोर्ड परवानगी देऊ शकतं, कोर्टात जायची गरज नाही. अर्ज दिल्यावर बोर्डाने ३ दिवसांत मत द्यायचं असतं आणि ५ दिवसांच्या आत प्रोसिजर व्हायची असते. आधी इंजेक्शनने बाळाचे ठोके थांबवतात, मग गोळ्यांनी कळा सुरू करतात, डिलिव्हरी खालूनच होते, वेळ लागतो, दुखण्याचं औषध मिळतं. सही फक्त वैशालीची लागते. नाव गुप्त राहतं."

"दुसरा, प्रेग्नन्सी पुढे न्यायची. तपासण्या चालू राहतील, पण फोकस तुमच्या तब्येतीवर. या बाळांना गिळता येत नाही म्हणून पाणी वाढू शकतं, पोट ताणतं, दम लागतो, तसं झालं तर लगेच यायचं. कळा उशिरा सुरू व्हायचीही शक्यता असते. बाळासाठी सिझर करणार नाही, कारण त्याने बाळ वाचत नाही आणि तुमच्या पोटावर विनाकारण टाके पडतात. जन्मल्यावर व्हेंटिलेटर नाही, सुया नाहीत."

(इथे थांबलीस तर त्यांना ऐकू येईल "बाळाला टाकून देणार". म्हणून एका दमात पुढे जा.)

"पण बाळाला सोडून देणार नाही. पुसून, टोपडं घालून थेट तुमच्या छातीवर देऊ, टोपड्याने डोकं झाकतं, चेहरा दिसतो. डोळे थोडे पुढे आलेले असतात, ते आधी माहीत असलेलं बरं. ऊब, स्वच्छता, ओठांना थेंबथेंब दूध, अस्वस्थ वाटलं तर औषध, हे सगळं होईल, बालरोगाचे डॉक्टर तिथेच असतील. आजी-आजोबा येऊ शकतात. नाव ठेवायचं असेल, फोटो, पायाचे ठसे हवे असतील तर घेऊ, नको असतील तर नाही. पहिला रस्ता घेतलात तरी बाळाला हातात घेता येतं, बघायचंच असं नाही आणि बघू नये असंही नाही."

ठसे सिस्टरकडच्या स्टॅम्पपॅडवर घेतो, साध्या कागदावर उमटत नाहीत, पत्रिकेचा जाड कागद ठेव.

संतोष खर्चाचं आणि पुढच्या बाळाचं विचारेल, लाजत विचारेल, तर सरळ उत्तर दे. इथे बोर्डाचे पैसे नाहीत. पुढच्या वेळी परत होण्याची शक्यता थोडी वाढते पण बहुतेक बाळं नीट होतात, म्हणून पुढचा चान्स घ्यायच्या आधी निदान महिनाभर, जमलं तर तीन महिने, फॉलिक ॲसिड ५ मिलिग्रॅम रोज, १२ आठवड्यांपर्यंत, आणि शुगर किंवा फिटची गोळी चालू असेल तर आधी दाखवायचं. मुलगा की मुलगी विचारलं तर सोनोग्राफीवरून सांगता येत नाही, कायदा आहे, एवढंच.

"तुम्ही आमच्या जागी असता तर काय केलं असतं?" हे येतंच. "मी तुमच्या जागी नाहीये वैशाली. तुम्हाला कशाची सगळ्यात भीती वाटते ते सांगा, त्यावरून बोलू."

मग सगळ्यांना बाहेर चहाला पाठव आणि वैशालीशी पाच मिनिटं एकटीशी बोल. "घरचे काय म्हणतात ते बाजूला ठेवा, तुम्हाला काय वाटतंय? कोणी जबरदस्ती करतंय का?" बाहेर मान डोलावणाऱ्या कितीतरी जणी इथे वेगळंच बोलतात.

"आज ठरवायचं नाहीये. घरी जा, झोपा, परवा दहाला या, कागदावर माझा नंबर आहे. थांबवायचं ठरलं तर त्याच दिवशी अर्ज भरू. पुढे न्यायचं ठरलं आणि नंतर मन बदललं तरी या, पण उशीर होईल तसं अवघड होत जातं हेही सांगून ठेवते."

कुठलाही रस्ता घेतला तरी दूध येणार, ते कोणी सांगत नाही आणि तिसऱ्या दिवशी बाई घाबरून फोन करते. तेव्हा परवाच सांग, गोळी लिहून देऊ. बाळ जिवंत जन्मलं तर जन्म आणि मृत्यू दोन्हीची नोंद २१ दिवसांत करायची, फॉर्म सोशल वर्कर भरून देतील. बरेच जण पुरतात, जागा गावाकडे की इथे ते आधी विचारून ठेव, रात्री अडीचला धावपळ नको. फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात "अनेनसेफली, कुटुंबाला सांगितलंय" लिही, म्हणजे लेबर रूममधली सिस्टर "बाळाचे ठोके छान आहेत हं" म्हणणार नाही.