तक्रार व लेखी जबाब : इंग्रजीवरून मराठी अनुवाद

अनुवादकाची टीप : दाद व पुराव्यांची यादी यांतील अक्षरे, आकडे, तारखा आणि क्रम मुळाप्रमाणेच ठेवले आहेत. मुळातील विसंगती सुधारली नसून तिची नोंद चौकटी कंसात केली आहे, कारण ती दुरुस्त करण्याचा अधिकार अर्जदाराचा आहे.

जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग, लातूर यांचे समोर
ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ चे कलम ३५ अन्वये तक्रार

तक्रारदार हा औसा तालुक्यातील शेतकरी असून त्याने दि. १५ जून २०२४ रोजी सामनेवाला क्र. १ (विक्रेता) याच्याकडून सामनेवाला क्र. २ (उत्पादक) याच्या सोयाबीन बियाण्याच्या प्रत्येकी ३० किलोच्या ४ पिशव्या रु. १३,२००/- देऊन विकत घेतल्या व पुरेसा पाऊस झाल्यावर दि. २४ जून रोजी ४ एकरांत पेरल्या. उगवण अत्यल्प झाल्याने त्याने कृषी विभागाकडे अर्ज केला. तालुकास्तरीय समितीने दि. ४ जुलै रोजी पाहणी करून उगवण २२ टक्के असल्याचे पंचनाम्यात नमूद केले. नोटीस मिळूनही सामनेवाल्यांनी उत्तर दिले नाही.

मागितलेली दाद : (अ) बियाण्याची किंमत रु. १३,२००/-, दि. १५ जून २०२४ पासून रक्कम प्रत्यक्ष मिळेपर्यंत द.सा.द.शे. ९ व्याजासह, (ब) पीकहानीपोटी रु. ८४,०००/-; (क) मानसिक त्रासापोटी रु. २५,०००/-, (ड) तक्रारखर्च रु. १०,०००/-, ही सर्व रक्कम सामनेवाला क्र. १ व २ यांनी संयुक्तपणे व वैयक्तिकरीत्या द्यावी.

पुराव्यांची यादी : १) खरेदीची पावती, मूळ प्रत. २) पिशवीवरील लेबल, मूळ. ३) समितीचा पंचनामा दि. ५ जुलै २०२४, साक्षांकित प्रत [मजकुरात ४ जुलै, मुळाप्रमाणे]. ४) सातबारा उतारा. ५) शेताची छायाचित्रे, ६ नग. ६) नोटिशीची स्थळप्रत व पोहोचपावती.

सामनेवाला क्र. २ याचा लेखी जबाब

खरेदीची बाब मान्य असून उर्वरित कथन अमान्य आहे. संबंधित लॉटची उगवणक्षमता प्रयोगशाळेच्या अहवालानुसार ७८ टक्के, म्हणजे सोयाबीनसाठी विहित किमान ७० टक्क्यांहून अधिक होती. तक्रारदाराने शिल्लक बियाणे तपासणीसाठी पाठवले नाही, समितीच्या पाहणीची पूर्वसूचना या सामनेवाल्यास मिळाली नाही, आणि पेरणीची खोली व जमिनीतील ओल यांवरही उगवण अवलंबून असल्याने केवळ पंचनाम्यावरून बियाणे सदोष ठरत नाही. नोटीस मिळाल्याचे कथनही स्पष्टपणे नाकारण्यात येते. [तक्रारीच्या यादीतील अनुक्रमांक ६ चा उल्लेख जबाबात नाही.]

मागणी : तक्रार खर्चासह फेटाळण्यात यावी, पर्यायाने, दायित्व ठरल्यास ते दाद (अ) मधील मूळ किमतीपुरतेच, व्याज वगळून, मर्यादित राहावे.

पुराव्यांची यादी : १) लॉटचा उगवणक्षमता चाचणी अहवाल, छायाप्रत. २) लॉट विक्रीसाठी खुला केल्याची नोंद, छायाप्रत. ३) प्रतिनिधीचे अधिकारपत्र, मूळ.