ऑगस्ट २०२५ : व्हिडिओंचं वेळापत्रक (फ्रिजवर लावायची प्रत)

आई, दादा, वहिनी, तिघांनीही वाचा. मागच्या वर्षी मोदकांचा व्हिडिओ चतुर्थीच्या आदल्या रात्री टाकला. तोवर लोकांचं पीठ दळून झालं होतं, आणि कितीतरी जणींनी खाली लिहिलं, "आठवडाभर आधी हवा होता." म्हणून यंदा मोठा व्हिडिओ सणाच्या किमान पाच दिवस आधी, मोदक तर दहा दिवस आधी. सणाच्या दिवशी फक्त रील.

मोठे व्हिडिओ रविवारी सकाळी ११ ला, ऋषीची भाजी तेवढी बुधवारी. रील संध्याकाळी ७ ला. अपलोड आदल्या रात्रीच करून वेळ लावून ठेवायची. पावसात नेट कधी जाईल सांगता येत नाही.

रवि. ३ नारळी भात. २७ जुलैलाच शूट झालंय, एडिट १ तारखेपर्यंत माझ्याकडे. गूळ घातल्यावर भात का दडदडीत होतो, हे आई बोलली तो भाग कापू नये. तोच खरा व्हिडिओ आहे.

शुक्र. ८ नारळी भाताचं रील, त्याच फुटेजमधून.

शनि. ९ शूट : ऋषीची भाजी. दुसरा शनिवार, दादाला बँकेची सुट्टी. राखीही आजच, तेव्हा ती सकाळी साडेसातला उरकायची आणि नऊला कॅमेरा लावायचा. अळू, माठ, भेंडी, पडवळ, दोडका, मका, जमेल तेवढं परसातलंच. बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून नांगराखालच्या शेतातलं घेत नाहीत, हे आईने भाजी खुडताना सांगायचं, चुलीपाशी उभं राहून नको. पाऊस असला तर पडवीतून शूट. पत्र्यावरचा आवाज माईकमध्ये येणारच, बोलणं रात्री आतल्या खोलीत वेगळं रेकॉर्ड करू.

रवि. १० मोठा व्हिडिओ नाही. मी झोपणार आहे. दुपारनंतर पातोळ्यांच्या रीलचं शूट, हळदीची पानं मागच्या दारीच आहेत.

मंगळ. १२ शूट : उकडीचे मोदक. अंगारकी आहे, मोदक होणारच आहेत, वेगळा घाट नको. पण चंद्रोदय रात्री, आणि रात्री आपल्या स्वयंपाकघरात ट्यूबलाइटखाली उकड राखाडी दिसते. म्हणून आई, पहिला घाणा दुपारी दोनला, कॅमेऱ्यासाठी. नैवेद्याचा संध्याकाळी, तो कोणीही चित्रित करायचा नाही. दादाला रजा मिळाली नाही, तर फोन तिपाईवर लावून मी करीन. हवेत तीन क्लोजअप : पाण्याला आलेली उकळी, तूप लावून मळलेली उकड, आणि पारी फाटल्यावर आई ती कशी सांधते. फाटलेला मोदक मुद्दाम ठेवायचा.

बुध. १३ पातोळ्यांचं रील. गोव्यात ख्रिस्ती घरांतही १५ ऑगस्टला पातोळ्या होतात, हे एका ओळीत लिहिणार. वहिनी, शीर्षक तू बघ, मला "पारंपरिक" हा शब्द पुन्हा नको.

शुक्र. १५ काही टाकायचं नाही. शनिवारी, १६ ला, गोपाळकाल्याचं छोटं रील (पोहे, दही, काकडी, लोणचं), सकाळी खाता खाताच शूट.

रवि. १७ मोदकांचा व्हिडिओ सकाळी. थंबनेल १५ पर्यंत वहिनीकडून. दुपारी शूट : घावन-घाटलं, गौरीसाठी. बिडाचा तवा आदल्या दिवशी घासून तेल लावून ठेवायचा. गेल्या वेळी पहिली चार घावनं चिकटली आणि आईची चिडचिड रेकॉर्ड झाली.

बुध. २० ऋषीची भाजी टाकायची. पंचमी २८ ला आहे, लोकांना भाज्या जमवायला वेळ हवा.

शुक्र. २२ पोळा. आपल्याकडे नाही, उगाच पुरणपोळी करून विदर्भातल्यांचे बोल नकोत.

शनि. २३ चौथा शनिवार. दादा, सगळं फुटेज हार्ड डिस्कवर उतरव, कार्ड रिकामी कर. बाकी घराची साफसफाई, मुंबईकर उद्यापासून येतात.

रवि. २४ घावन-घाटलं. यानंतर शूट बंद. घरात चौदा माणसं आणि एक मोरी, त्यात तिपाई आणली तर काका पहिले ओरडतील.

मंगळ. २६ हरतालिका. वहिनीचा उपवास, तिला काम सांगू नये.

बुध. २७ चतुर्थी. मोदकांचं २० सेकंदांचं रील, १२ तारखेच्या फुटेजचं, आधीच वेळ लावलेलं. फोन त्या दिवशी कपाटात.

रवि. ३१ गौरी येणार. मोठा व्हिडिओ नाही. कोणाला वाटलं तर दारातून आत येणाऱ्या पावलांचं रील, पण आई हो म्हणाली तरच.

सप्टेंबरचं वेळापत्रक अनंत चतुर्दशीनंतर, ७ तारखेला बसून. शिल्लक राहिलेल्या तांदळाच्या पिठाचं काय करायचं, हा विषय वहिनीने आत्ताच लिहून ठेवलाय.