थ्रूपुटमध्ये मार्क कुठे जातात: पेपरच्या आदल्या दिवशीचं रिव्हिजन

बसा रे पटापट, मागचे दोघे पुढे या. साखळी, वाळपईवाल्यांना बस गाठायचीये ते माहितीये मला, त्यामुळे आज नवीन काही शिकवणार नाही, ओएसआयच्या सात लेअर्स तुम्हाला झोपेत पण येतात. आज फक्त थ्रूपुट. कारण इंटर्नलचे पेपर तपासताना बघितलं, फॉर्म्युला जवळजवळ सगळ्यांना पाठ आहे आणि तरी उत्तरं चुकलेली.

थ्रूपुट म्हणजे काय, किती बिट्स पोचले भागिले किती वेळ लागला. बस. तुमच्या सगळ्या चुका एकतर वर होतात नाहीतर खाली होतात, तिसरी जागाच नाहीये. आणि जास्त करून खाली होतात, म्हणजे वेळ चुकतो.

एकच गणित घेऊया आणि त्याचाच कीस पाडूया. फ्रेम 1000 बाइटची, लिंक 1 एमबीपीएस, अंतर 3000 किलोमीटर, सिग्नलचा वेग सेकंदाला 2 × 10^8 मीटर, स्टॉप अँड वेट. लिहून घ्या.

आधी बाइटचे बिट करा. 8000 बिट. हे इतकं साधं आहे की सांगायला पण लाज वाटते, पण वर्गातल्या हुशार पोरांनी पण 1000 तसाच ठेवून भागाकार केलाय. लिंकचा स्पीड बिटमध्ये, फ्रेम बाइटमध्ये, पेपर काढणारा हे मुद्दाम करतो, तेव्हा गणित वाचता वाचताच बाइट शब्दाला गोल करा.

आता 8000 बिट लिंकवर चढवायला 8 मिलिसेकंद, हा ट्रान्समिशन टाइम. आणि 3000 किलोमीटर जायला 15 मिलिसेकंद, हा प्रोपगेशन. दोन्ही वेगळे आहेत बाबांनो. लिंकचा स्पीड दहापट केला तर 8 चे 0.8 होतील, 15 मात्र 15 च राहणार, त्याचा एमबीपीएसशी काही संबंध नाही. "बँडविड्थ वाढवली म्हणून प्रोपगेशन डिले कमी झाला" असं वाक्य मी ह्या वर्षी पण वाचलंय.

आता खरी गंमत. स्टॉप अँड वेट म्हणजे रायबंदर-चोडण मार्गावर एकच फेरीबोट आहे असं समजा, बोट भरली, पलीकडे गेली, रिकामी होऊन परत धक्क्याला लागली की मगच पुढच्या गाड्या चढणार. म्हणजे वेळ मोजताना चढायचा वेळ अधिक जायचा अधिक यायचा. 8 + 15 + 15, झाले 38 मिलिसेकंद.

```
8000 / 0.038 = 210526 bps
```

म्हणजे साधारण 210.5 केबीपीएस, लिंकच्या 21 टक्के. आता चुकीची उत्तरं ऐका, कारण उद्या तुमच्या पानावर ह्यातलं काही दिसलं की लगेच थांबायचं. 348 आलं तर तुम्ही परत यायचे 15 विसरलात. 32 च्या आसपास आलं तर 8 ने गुणलं नाही. आणि थेट 1 एमबीपीएस लिहिलं असेल तर तुम्ही बँडविड्थ लिहून आलात, थ्रूपुट काढलंच नाही.

ह्याच्या उलटी पण एक चूक आहे, आणि ती अभ्यास केलेल्यांची आहे. गणितात सरळ "आरटीटी 30 मिलिसेकंद" दिलेला असतो आणि हे लोक सवयीने परत दोनने गुणतात, 60 करतात. आरटीटी म्हणजे जाऊन-येऊनच, त्यात दोन आधीच आहेत. एका बाजूचा डिले दिलाय की आरटीटी दिलाय, हे बघितल्याशिवाय पेन उचलायचं नाही. एकनॉलेजमेंटची साइज दिली असेल तर तिचा पण ट्रान्समिशन टाइम धरा, नसेल दिली तर शून्य धरला असं एक ओळ लिहा आणि पुढे जा.

स्लायडिंग विंडो. हेच गणित, विंडो 4, तर चौपट, 842 केबीपीएस, बरोबर. विंडो 7 केली तर? सातपट केलं की 1.47 एमबीपीएस येतं आणि निम्मा वर्ग तेच लिहून खाली दोन रेघा मारतो. अरे लिंकच 1 ची आहे, 1.47 कुठून जाणार? तिथे उत्तर 1 एमबीपीएस, कारण विंडो संपायच्या आधीच पहिलं एकनॉलेजमेंट परत आलं, लिंक कायम भरलेली. फॉर्म्युल्यातला min हा शोभेला नाहीये:

```
U = min(1, N / (1 + 2a))
```

आणि a म्हणजे प्रोपगेशन भागिले ट्रान्समिशन, उलटं नाही. आपल्या गणितात 15/8.

बॉटलनेक पटकन. सर्व्हरची लिंक 20, मधली 45, क्लायंटची 5 एमबीपीएस, आणि मधल्या लिंकवर 10 जोड्या सारख्या वाटून घेतायत. सरासरी काढायची नाही, हे मी शेवटचं सांगतोय. सगळ्यात कमी घ्यायचं, पण वाटणी करून झाल्यावर. 45 चे 4.5 झाले, म्हणून उत्तर 4.5. घाईत 5 लिहिणारे खूप असतात.

हेडर. प्रश्नात "युजर डेटाचा थ्रूपुट" किंवा गुडपुट म्हटलं असेल तर वरच्या 8000 मधून हेडर वजा करा, खालचा वेळ मात्र पूर्ण फ्रेमचाच, हेडर पण वायरवरूनच जातो ना. 40 बाइट हेडर असेल तर 960 गुणिले 8, भागिले तेच 38 मिलिसेकंद, 202 केबीपीएस. दोन्हीकडून वजा करणारे महाभाग पण आहेत.

किलोचं भांडण दरवर्षी होतं. स्पीडमध्ये मेगा म्हणजे 10^6, तिथे 1024 आणू नका. फाइल साइजमध्ये बरीच पुस्तकं 1024 धरतात, तर काय धरलं ते लिहा.

शेवटचं अलोहा, इथे थोडं थांबतो. चॅनेल 100 केबीपीएस, फ्रेम 500 बिट, सगळी स्टेशन्स मिळून सेकंदाला 100 फ्रेम. पहिली चूक, G = 100 टाकतात. G हा एका फ्रेम टाइममधला असतो, फ्रेम टाइम 5 मिलिसेकंद, म्हणजे G = 0.5. प्युअरला S = 0.5 × e^-1 = 0.184. आता हे 0.184 कशाला गुणायचं? लोक 100 फ्रेमला गुणतात, 18 फ्रेम लिहितात. चूक. S हा चॅनेलच्या क्षमतेचा भाग आहे, आणि क्षमता सेकंदाला 200 फ्रेम, म्हणून साधारण 37 फ्रेम, 18.4 केबीपीएस. G = 1 असलं की दोन्ही पद्धतींनी उत्तर सारखंच येतं, म्हणून ही चूक वर्षभर लपून राहते आणि पेपरात बाहेर येते. स्लॉटेडला घातांकातला 2 जातो, 0.303 येतं. तिथे डोळे झाकून 0.368 लिहू नका, तो आकडा फक्त G = 1 चा आहे.

चला, आता वही बंद, कोरा कागद घ्या. फ्रेम 500 बाइट, लिंक 2 एमबीपीएस, आरटीटी 24 मिलिसेकंद, आधी स्टॉप अँड वेट, मग विंडो 5, मग विंडो 20. तिन्ही उत्तरं एककासकट पाहिजेत. झालं की हात वर करा, उत्तर ओरडू नका, मी बाकावर येऊन बघतो.