किरकोळ दिवाणी अपील : अपीलदारातर्फे तोंडी युक्तिवाद

महोदय, मी अपीलदारातर्फे, म्हणजे मूळ प्रतिवादीतर्फे हजर आहे. दहा मिनिटांत संपवतो. मुद्दे दोनच आहेत: समन्सची बजावणी आणि मुदत. दाव्याच्या गुणदोषांवर मी आज बोलणार नाही.

आधी बजावणी. कृपया नि. 9, बेलिफचा अहवाल पाहावा. तारीख 11 मार्च 2022. मजकूर एका ओळीचा: "घर बंद, समन्स दारास चिकटवले." बस. बेलिफ किती वेळा गेला, घर कोणी दाखवलं, कोणासमोर चिकटवलं, काही नाही. पंचाची सही नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 5 रूल 17 प्रमाणे आधी योग्य तो शोध घ्यायला हवा, आणि घर दाखवणाऱ्याचं नाव-पत्ता अहवालात हवा. 68 वर्षांच्या या बाई तेव्हा शस्त्रक्रियेनंतर मुलीकडे होत्या. डिस्चार्ज कार्ड नि. 14 वर आहे.

अहवालासोबत शपथपत्र नाही. अशा वेळी रूल 19 प्रमाणे बेलिफची शपथेवर तपासणी करून बजावणी योग्य झाल्याचं कोर्टाने जाहीर करावं लागतं. रोजनाम्यात एवढंच आहे: "प्रतिवादी गैरहजर, एकतर्फी आदेश."

*न्यायालय : शेजाऱ्याने दाव्याबद्दल सांगितलं होतं, असं वादी म्हणतात ना?*

होय महोदय, वादीच्या म्हणण्यात, पान 31 वर तसं आहे. पण त्या शेजाऱ्याचं शपथपत्र नाही. शिवाय ऑर्डर 9 रूल 13 चं दुसरं परंतुक नुसत्या दाव्याच्या माहितीबद्दल बोलत नाही. प्रतिवादीला सुनावणीची तारीख माहीत हवी आणि हजर राहायला पुरेसा वेळ हवा. त्याचा पुरावा रेकॉर्डवर नाही.

आता मुदत. खालच्या कोर्टाने 18 ऑगस्ट 2022 च्या हुकूमनाम्यापासून दिवस मोजले आणि 163 दिवसांचा विलंब धरून अर्ज फेटाळला. मुदत कायदा, 1963 चा अनुच्छेद 123 पाहावा. समन्स रीतसर बजावलेलं नसेल तर 30 दिवस हुकूमनामा कळल्यापासून मोजायचे. दरखास्तीची नोटीस बाईंना 6 फेब्रुवारी 2023 ला मिळाली, अर्ज 27 फेब्रुवारीला दिला. एकवीस दिवस. उशीर झालेलाच नाही, म्हणून विलंब माफीचा अर्ज नव्हता.

*न्यायालय : आणि बजावणी योग्य ठरली तर?*

तर माझा मुदतीचा मुद्दा पडतो, महोदय, हे मी मान्य करतो. दोन्ही मुद्दे एकमेकांत गुंतलेले आहेत. म्हणूनच नि. 9 वर मी इतका वेळ घेतला.

वादीचं नुकसान होऊ नये, हेही बघावं लागेल. दावा 4,80,000 रुपयांचा आहे. रूल 13 प्रमाणे अटी घालता येतात. पक्षकाराच्या सूचनेनुसार सांगतो: चार आठवड्यांत 1,00,000 रुपये कोर्टात जमा करू, आणि खालच्या कोर्टात हजर होण्याच्या पहिल्याच तारखेला लेखी कैफियत देऊ. तारीख मागणार नाही.

अपील मंजूर करून एकतर्फी हुकूमनामा रद्द करावा, दावा फेरसुनावणीस पाठवावा आणि तोपर्यंत दरखास्त थांबवावी, ही विनंती.