चि. सईस, तुझ्या प्रश्नाचे उत्तर

प्रिय सई,

काल बर्डीवर संत्री घेताना तू विचारलेस, की सगळी माणसेच असताना भाषा वेगवेगळ्या का? गर्दीत नीट सांगता आले नाही, म्हणून लिहिते आहे.

भाषा कोणी एका दिवशी बसून ठरवलेली नाही. माणसे डोंगर-नद्या ओलांडून दूर गेली, पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना भेटली नाहीत आणि प्रत्येक ठिकाणी उच्चार थोडेथोडे बदलत गेले. आपण ‘डोळा’ म्हणतो, अकोल्याचे आजोबा ‘डोया’ म्हणतात; असे हजारो बदल शेकडो वर्षे साचले, की एका भाषेच्या दोन होतात. संस्कृतातली ‘मातृ’ आणि इंग्रजीतली ‘मदर’ अशाच एका जुन्या घरातल्या बहिणी आहेत. आपल्या भागातली गोंडी मात्र तेलुगूच्या कुळातली, म्हणून ती मराठीच्या शेजारी नांदूनही इतकी वेगळी वाटते.

शब्द प्रवासही करतात, आणि मला हे फार आवडते. संस्कृतातला ‘नारंग’ फारसीत, मग अरबीत गेला, स्पॅनिशमध्ये ‘नारांखा’ झाला आणि इंग्रजीत ‘ऑरेंज’ होऊन तुझ्या पुस्तकात आला.

आज जगात सुमारे 7,000 भाषा आहेत. त्यांतल्या कित्येक बोलणारी माणसे आता मूठभरच उरली आहेत, याचे मला वाईट वाटते.

तुझी,
आई